करारातल्या शेवटच्या पानावरच्या क्लॉजमुळे दराचा फरक अडकलाय. कुणी बघितलंय का असलं?

उद्यमबाग_लेथ

नमस्कार मंडळी. आमचं सीएनसीचं छोटं युनिट आहे, आधी उद्यमबागेत होतं, आता मच्छेला. कोल्हापूरकडच्या एका कंपनीला कास्टिंगवर मशीनिंग करून देतो. जून २०२३ मध्ये पाच वर्षांचा करार झाला. इंग्रजीत ११ पानं. मी दर, पेमेंटचे दिवस आणि रिजेक्शन एवढं बघितलं. शेवटच्या दोन पानांवर काय तर 'जनरल' म्हणून लिहिलेलं होतं. त्यांचा माणूस म्हणाला, हे सगळ्यांच्यात असतंय, आणि मी सही केली.

आता भानगड अशी. दर १४२ रुपये नग. सही करायच्या आधी जेवणावर त्यांचे पर्चेसवाले बोलले होते की टूलिंग आणि वीज महागली की दर बघू. जानेवारी २०२४ ला मी मागितला, त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "१५१ ओके, फेब्रुवारीपासून, पीओ बदलून देतो." फेब्रुवारी आणि मार्चला १५१ चा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर आली, पैसेही आले. एप्रिलपासून पीओ परत १४२. विचारलं की "सिस्टीमचा प्रॉब्लेम, करतो" असं उत्तर. असे १४ महिने गेले. महिन्याला ४००० नग, म्हणजे ५,०४,००० रुपये.

मागितले तर उलट त्यांनीच ३,१८,०८० ची डेबिट नोट पाठवली, उशिरा माल दिला म्हणून. वर म्हणतात, तुम्ही कराराच्या चार क्लॉजमध्ये बसत नाही: एन्टायर ॲग्रीमेंट, नोटीस, नो वेव्हर, असाइनमेंट. असाइनमेंट कुठनं आली तर सप्टेंबर २०२४ ला मुलाला घेऊन प्रोप्रायटरशिपची पार्टनरशिप केली. कोर्टात जायचं का सोडून द्यायचं, एवढं सांगा.

शिनोळीवाला

मी समोरच्या बाजूचं काम केलंय, पर्चेसमध्ये ९ वर्षं. कडू वाटेल, पण एन्टायर ॲग्रीमेंट असला की व्हॉट्सॲप, जेवण, फोन सगळं शून्य. करारात जे छापलंय तेवढंच. इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, करारात 'बदल लेखीच' असं असेल तर तोंडी बदल चालत नाही. सोडून द्या.

निपाणीकर

असाइनमेंट म्हणजे वारसाच्या नावावर करून देणे ना? आमचं तंबाखूचं गोदाम भाड्याने आहे, मालक वारले, आता तिघे भाऊ वेगवेगळं भाडं मागायलेत. मी कुणाला देऊ? भाडेकरारात असाइनमेंटचा एक क्लॉज आहे, म्हणून विचारतो.

कॅम्पातली_वकील

निपाणीकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. असाइनमेंट म्हणजे करारातला हक्क किंवा काम आपणहून दुसऱ्याकडे सोपवणं. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांकडे हक्क कायद्यानेच जातो, ती असाइनमेंट नव्हे. तिघांचं एकमत होईपर्यंत कुणा एकाच्या हातात पैसे देऊ नका. तिघांनाही लेखी विचारा आणि पावती सगळ्यांच्या सहीची घ्या. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

उद्यमबागवाले काका, आधी शिनोळीवाल्यांच्या म्हणण्यातली एक गाठ सोडवू, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. एन्टायर ॲग्रीमेंटचा क्लॉज मागे बघतो. सही होण्याआधी जे बोलणं झालं, जे मेल आले, जी कोटेशनं दिली, ती सगळी या करारात विरली असं तो म्हणतो. म्हणून जेवणावरचं वचन गेलं, त्यात मला शंका नाही. त्यातून फसवणूक सिद्ध होत असेल तर गोष्ट वेगळी, पण "दर बघू" एवढ्यावर फसवणूक उभी राहत नाही.

व्हॉट्सॲप मात्र जानेवारी २०२४ चं आहे, सहीनंतर सात महिन्यांनी आलेलं. ते एन्टायर ॲग्रीमेंटच्या हातात येतच नाही. त्याच्या वाटेत उभा राहतो तो दुसरा क्लॉज, बदलाचा. बहुधा त्याच पानावर, एक-दोन ओळींचा, "या करारात बदल दोघांच्या अधिकृत व्यक्तींच्या सहीने लेखीच होईल" असा. तुमच्या कागदात तो आहे का, आणि त्याचे शब्द काय, ते आधी बघा.

उद्यमबाग_लेथ

बघितलं ताई. आहे की. "लेखी आणि दोन्ही पक्षांच्या अधिकृत सह्या" असंच आहे. म्हणजे गेलं?

कॅम्पातली_वकील

तसं नाही. इंग्लंडचा तो निकाल खरा आहे, पण तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या पुराव्याच्या कायद्यात, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ९५ मध्ये, एक परंतुक आहे: लेखी करारानंतर झालेला वेगळा तोंडी करार, ज्याने आधीचा बदलला किंवा संपवला, तो सिद्ध करता येतो, मात्र कायद्यानेच लेखी किंवा नोंदणीकृत असायला हवा असा करार नसेल तर. जुन्या १८७२ च्या कायद्यात ते कलम ९२ होतं. मशीनिंगचा करार लेखी असायलाच हवा असं कुठला कायदा म्हणत नाही. तेव्हा दार बंद नाही. पण करारातच "लेखीच" म्हटलं असताना ते परंतुक किती चालतं, यावर समोरचा वकील भांडणार आणि न्यायाधीशही विचार करणार. मी पैज लावणार नाही.

तुमच्याजवळ मात्र व्हॉट्सॲपपेक्षा चांगली वस्तू आहे. फेब्रुवारी आणि मार्चचे १५१ चे पीओ. ते लेखी आहेत, त्यांच्याच बाजूने आलेत, त्यांनी त्या दराने पैसे दिलेत. त्यावर सही कुणाची आहे?

उद्यमबाग_लेथ

सिस्टीममधनं आलेत. खाली लिहिलंय की "संगणकाने तयार केलेले, सहीची गरज नाही."

शिनोळीवाला

हे मी कबूल करतो, आमच्याकडे पीओ बदलायला मॅनेजरची मंजुरी लागायची सिस्टीममध्ये. म्हणजे कुणीतरी अधिकृत माणसाने बटण दाबलंच असणार. पण त्या पीओच्या मागे अटी छापलेल्या असतात, "करार वरचढ" वगैरे. ते बघायला हवं.

कॅम्पातली_वकील

बरोबर सांगितलंत. त्या दोन पीओंच्या अटींची पानं काढा.

आता दुबळी बाजू सांगते. १४ महिने तुम्ही बिलं १४२ नेच काढलीत. का?

उद्यमबाग_लेथ

पोर्टल पीओचाच दर घेतंय. १५१ टाकलं की बिल परत येतंय. दुसरा मार्ग काय होता?

खानापूर_रोड

मी हिशेब बघतो, चार-पाच युनिटांचे. मार्ग होता. पीओच्या दराने बिल काढायचं आणि दर महिन्याला, किमान तीन महिन्यांनी, एक पत्र पाठवायचं: "बिल पोर्टलमुळे १४२ ने काढले आहे, ९ रुपयांचा फरक आमच्या खात्यावर येणे आहे, हक्क राखून." फरकाची पुरवणी डेबिट नोट नंतर काढता येते, जीएसटी त्यावर भरावा लागतो. तुमच्या वहीत फरक येणे म्हणून दाखवलाच नसेल, तर समोरचा म्हणणार की तुम्ही स्वतःच ते येणं मानत नव्हता.

उद्यमबाग_लेथ

वहीत नाही दाखवलं. फोन करत होतो, मेसेज टाकत होतो.

कॅम्पातली_वकील

आता नो वेव्हर. हा क्लॉज लोक नेहमी एकाच बाजूने वाचतात.

कंपनी म्हणते, उशिरा आलेला माल आम्ही घेत राहिलो, काही बोललो नाही, तरी हक्क सोडला असं होत नाही, कारण क्लॉजमध्ये लिहिलंय. ठीक. पण तोच क्लॉज तुमच्याही हातात आहे. तुम्ही १४२ ने बिल काढलं, पैसे घेतले, गप्प बसलात, म्हणून १५१ चा हक्क सोडला असं त्यांनाही म्हणता येणार नाही. एकाच ओळीवर दोघांना बसायचं आहे, त्यांना डेबिट नोटेसाठी आणि तुम्हाला दरासाठी.

यातला फरक एवढाच की नो वेव्हर हक्क जपतो, निर्माण करत नाही. १५१ हा हक्क आधी जन्माला आला होता हे तुम्हालाच दाखवावं लागेल, त्या दोन पीओंवरून. तो जन्मलाच नसेल तर जपायला काही नाही.

डेबिट नोटेवर तुमची बाजू मला त्याहून मजबूत वाटते. भारतीय करार कायदा १८७२, कलम ५५ चा तिसरा परिच्छेद. वेळ हाच गाभा मानलेला करार असेल, आणि ठरलेल्या वेळेत काम न होऊनही समोरच्याने ते उशिरा स्वीकारलं, तर स्वीकारतानाच "नुकसानभरपाई मागणार" अशी सूचना दिलेली नसेल तर नंतर मागता येत नाही. गंमत अशी की "वेळ हा कराराचा गाभा आहे" असं कडक वाक्य बहुतेक कंपन्याच घालतात. ते वाक्य तुमच्या करारात असेल तर तो परिच्छेद तुमच्यासाठी उघडतो. नसेल, तर दुसऱ्या परिच्छेदाने त्यांचा दावा उभा राहू शकतो. मग नुकसान किती झालं, हे त्यांना दाखवावं लागेल.

शहापूर_माग

पण ताई, करारात नो वेव्हर लिहून कायद्याचं कलम बाजूला सारता येतं का? आमच्या व्यापाऱ्याने सुताच्या व्यवहारात तसंच सांगितलं होतं, आणि आमचा वकील गप्प बसला.

कॅम्पातली_वकील

यावर दोन मतं आहेत. एक असं की स्वीकारताना सूचना देण्याची अट त्यांच्याच फायद्यासाठी आहे, तेव्हा करारात आगाऊ लिहून ठेवलं की ती पुरी होते. दुसरं असं की कायदा प्रत्येक स्वीकारीच्या वेळची सूचना मागतो, दोन वर्षांपूर्वी छापलेली ओळ त्या जागी चालणार नाही. मी दुसऱ्या मताने दावा मांडेन. कोर्टाने पहिलं घेतलं तर आश्चर्य वाटणार नाही.

काका, चलनांवर मालाच्या गेटचे शिक्के असतील. त्यावर काही लिहिलंय का, एकेक बघा. "विलंबाचे हक्क राखून" वगैरे.

उद्यमबाग_लेथ

मुलाने पेटी काढली. १४ महिन्यांतली १९६ चलनं. तीनवर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आहे, इंग्रजीत, "विदाऊट प्रेज्युडिस टू एलडी" असं. बाकी १९३ वर नुसता "रिसीव्हड".

कॅम्पातली_वकील

छान, एलडी म्हणजे उशिराची ठरलेली भरपाई, तिचा हक्क राखून माल घेतला असा तो शिक्का. म्हणजे त्यांना सूचना देता येत होती आणि देणं माहीत होतं. तीन वेळा दिली, १९३ वेळा नाही. तीन चलनांचा हिशेब मोजून वेगळा काढा, तेवढ्यापुरतं भांडण करायला त्यांना जागा आहे. उरलेल्या डेबिट नोटेवर माझा कल तुमच्याकडे.

शिनोळीवाला

पण असाइनमेंट? पार्टनरशिप म्हणजे नवीन पॅन, नवीन जीएसटी. "लेखी परवानगीशिवाय हस्तांतर केल्यास ते रद्द" असं असेल तर सप्टेंबरपासूनचा सगळाच व्यवहार हवेत. हे माझ्या मते सर्वांत मोठं.

खानापूर_रोड

हवेत कसा? नव्या जीएसटीने ९ महिने बिलं गेली, त्यांनी घेतली, पैसे दिले, इनपुट क्रेडिट घेतलं. नवीन व्हेंडर कोडही दिला असणार, नाहीतर पोर्टल नवं बिल घेतच नाही.

उद्यमबाग_लेथ

होय की, नवा कोड दिला. ऑगस्टमध्ये मेल टाकलेला की १ सप्टेंबरपासून फर्म बदलते, त्यांच्याकडनं फॉर्म आला, भरून दिला, कॅन्सल चेक दिला.

कॅम्पातली_वकील

म्हणजे हे तुम्ही समजता त्यापेक्षा बरं आहे. दोन गोष्टी वेगळ्या करा. काम करण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवणं वेगळं, आधी कमावलेले पैसे घेण्याचा हक्क वेगळा. १९६२ चा खर्दा कंपनीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल याच फरकावर उभा आहे. जबाबदारी समोरच्याच्या संमतीशिवाय ढकलता येत नाही. हक्क सोपवता येतो, मात्र करार वैयक्तिक स्वरूपाचा नसावा आणि करारातच मनाई नसावी. तुमच्या क्लॉजमध्ये "हक्क" हा शब्द आहे का तेही बघा. काही करारांत फक्त "करार" असतं, काहींत "हक्क आणि येणी" सुद्धा. दुसरं असलं तर बँकेत बिल डिस्काउंटिंग करतानाही तेच अडवतं.

म्हणून दावा दोन भागांत मांडा. एप्रिल ते ऑगस्ट २०२४, पाच महिने, १,८०,००० रुपये: हे तुमच्या जुन्या प्रोप्रायटरशिपचं येणं, तुमच्या स्वतःच्या नावाने. सप्टेंबर ते मे २०२५, नऊ महिने, ३,२४,०००: हे पार्टनरशिपचं. दुसऱ्या भागासाठी नवा व्हेंडर कोड, भरलेला फॉर्म आणि त्यांनी दिलेले पैसे हे संमतीचे पुरावे. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे जुन्याच्या जागी नवा पक्ष आला असंही म्हणता येतं. क्लॉज "आधी लेखी परवानगी" म्हणत असेल तर ते म्हणतील फॉर्म ही परवानगी नव्हे. पण फॉर्म लेखी आहे आणि त्यांनीच पाठवलाय. फॉर्मची तारीख १ सप्टेंबरच्या आधीची असेल तर आणखी बरं.

उद्यमबाग_लेथ

२२ ऑगस्ट आहे.

खानापूर_रोड

आणखी एक. उद्यम नोंदणी नव्या फर्मच्या नावाने कधी झाली? एमएसएमई कायद्यातलं ४५ दिवसांचं आणि व्याजाचं संरक्षण जुन्या पॅनच्या नोंदणीवर चालणार नाही.

शहापूर_माग

मग एमएसएमईत तक्रार करून टाका की, क्लॉज-बिलॉज कशाला?

कॅम्पातली_वकील

करू शकतात. पण ते पैसे किती दिवसांत आणि उशीर झाला तर व्याज किती, हे ठरवतं. दर १४२ की १५१, हे शेवटी करारच ठरवणार. आणि नोंदणी नंतर झाली असेल तर आधीच्या पुरवठ्याला संरक्षण मिळतं का, यावर सुप्रीम कोर्टात प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. त्या भरवशावर बसू नका.

काका, आता नोटीस. "दरवाढीची मागणी नोंदणीकृत कार्यालयाला, रजिस्टर पोस्टाने" असं आहे का?

उद्यमबाग_लेथ

आहे. पुण्याचा पत्ता. मी तर कोल्हापूरच्या प्लँटच्या पर्चेसला पाठवत होतो. आणि ताई, एक राहिलंच सांगायचं. जुलै २०२५ ला त्यांनी करार संपवण्याची नोटीस पाठवली. जुन्या उद्यमबागच्या पत्त्यावर. आम्ही मच्छेला आलो होतो. पोस्टमनने शेरा मारून परत पाठवली, मला ऑगस्टच्या शेवटी कळलं. क्लॉजमध्ये लिहिलंय की टाकल्यापासून पाचव्या दिवशी मिळाली असं धरणार. आणि ३० दिवसांत शिल्लक मालाचा दावा नाही केला तर हक्क संपला. माझ्याकडे त्यांच्या ३००० कास्टिंगचं अर्धवट काम पडलंय.

निपाणीकर

पत्ता बदलल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं काय?

उद्यमबाग_लेथ

फॉर्ममध्ये नवा पत्ता होता. वेगळी नोटीस नाही दिली.

कॅम्पातली_वकील

इथे तुमची खरी चूक झाली. पत्ताबदल त्या नोटीस क्लॉजमध्ये सांगितलेल्या पद्धतीने द्यायचा असतो, तो दिला नसेल तर जुन्या पत्त्यावरची नोटीस पाचव्या दिवशी लागू झाली, असंच ते धरून चालणार. पण २२ ऑगस्टच्या फॉर्ममध्ये मच्छेचा पत्ता होता आणि त्यांची बिलं-पत्रव्यवहार मच्छेशी चालू होता, हे दाखवून "माहीत असूनही जुन्या पत्त्यावर" असा मुद्दा मांडता येईल. तो परत आलेला लिफाफा पोस्टाच्या शेऱ्यासकट त्यांच्याकडेच असेल, तो मागा.

३० दिवसांचं मात्र घाबरू नका. करार कायद्याचं कलम २८ सांगतं की ठराविक मुदतीनंतर हक्कच संपवणारी अट तेवढ्यापुरती शून्य. शिल्लक मालाचा दावा कायद्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत राहतो. दरवाढीच्या मागणीला ही युक्ती लागू करू नका. तिथे लेखी मागणी ही दर बदलण्याची अटच आहे असं ते म्हणतील, मुदतीने हक्क संपवण्याचा तो प्रकार नाही. म्हणूनच तुमचा दावा "नोटीस दिली होती" यावर न मांडता "नोटीस नसतानाही तुम्ही दर बदलला आणि दोन महिने दिला" यावर मांडायचा.

उद्यमबाग_लेथ

आणि आता पाठवायचं कसं? टिळकवाडीच्या पोस्टात गेलो, बाई म्हणाल्या रजिस्टर पोस्ट बंद झालं, स्पीड पोस्ट करा. क्लॉजमध्ये तर रजिस्टरच लिहिलंय.

शहापूर_माग

हे आमच्या सोसायटीलाही झालं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं.

कॅम्पातली_वकील

स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच मागा, पावतीवर पत्ता पूर्ण लिहून घ्या. त्याच दिवशी कुरिअरने एक प्रत आणि मेलने एक, पत्रातच एक ओळ टाका: "रजिस्टर पोस्टाची सेवा आता स्पीड पोस्टाद्वारे असल्याने या मार्गाने पाठवत आहे." पुण्याच्या पत्त्यावर, प्लँटला फक्त प्रत. व्हॉट्सॲपचे संदेश वापरायचे असतील तर मूळ फोन फेकू नका, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यासोबत लागेल. फोन बदललाय का?

उद्यमबाग_लेथ

गेल्या दिवाळीला बदलला. जुना मुलीकडे आहे खानापूरला, बॅटरी फुगलीय म्हणे.

शिनोळीवाला

चालू करू नका तसल्याला. शनिवार खूट जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे आधी बॅटरी बदलून घ्या, मग चालू करा. आणि मी आधी जे म्हटलं होतं 'सगळं शून्य', ते मागे घेतो, पण पाच लाख पूर्ण मिळतील असं मला अजून वाटत नाही.

कॅम्पातली_वकील

मलाही पूर्ण मिळतील असं वाटत नाही. डेबिट नोट बहुतांश मागे जावी आणि दराच्या फरकावर काहीतरी मधला आकडा ठरावा, असा माझा अंदाज, आणि तोही पीओच्या मागच्या अटी न बघता. त्या मिळाल्या का?

उद्यमबाग_लेथ

फेब्रुवारीच्या पीओची दोनच पानं सापडली, अटींचं पान नाही. मुलगा म्हणतो पोर्टलवर जुना पीओ दिसत नाही, करार बंद केल्यावर लॉगिनच बंद झालंय. मार्चचा पीओ मात्र छापून ठेवलाय, तीन पानांचा. तिसरं पान आता वाचायला बसलोय, अक्षर फारच बारीक आहे.